गांधींच्या तिकिटांना लिलाव की ठरलेला भाव?

आजोबांच्या अल्बममधला १९४८ चा गांधी संच विकायचाय ना, मग चारही तिकिटांना एकच न्याय लावू नका. दीड, साडेतीन आणि बारा आण्यांची तिकिटं बाजारात सहज मिळतात. त्यांना सरळ ठरलेला भाव लावा आणि वाट बघा. भाव ठरवताना तशाच अवस्थेतली तिकिटं प्रत्यक्षात कितीला विकली गेली ते पाहा. लोक मागतात त्या किमतींवर जाऊ नका, मागायला काय जातं!

दहा रुपयांच्या तिकिटाचं गणित वेगळं. कोऱ्या तिकिटाची किंमत मागच्या गोंदावर फार हलते, त्यामुळे नेमका भाव सांगणं अवघड. तिथे लिलावच बरा. पण बोली लावणारा एकच आला तर सुरुवातीची बोली हीच तुमची किंमत, म्हणून जेवढ्याला गेलं तरी चुटपुट लागणार नाही, तेवढ्यावर सुरू करा. एक रुपयापासून सुरुवात म्हणजे मला जुगार वाटतो. मुदत सात दिवस, शेवट रविवारी रात्री.

वर्णनात नुसतं ‘मिंट’, म्हणजे कोरं, लिहून भागत नाही. तिकीट उजेडात तिरपं धरा, भिंगातून बघा आणि दिसेल ते लिहा: ‘मागे वरच्या बाजूला हिंजची खूण, खालच्या कोपऱ्यातला एक दात आखूड, गोंदावर दोन पिवळे ठिपके.’ हिंज म्हणजे तिकीट अल्बममध्ये चिकटवायची छोटी कागदी पट्टी. गोंद दातांच्या टोकांवर ओघळलेला दिसला, तर तो नंतर लावल्याची शंका येते, तीही लिहा. मागच्या बाजूचा फोटो हवाच.