पहाटेची घाई

‘ताई, माझं वय ३४. आठ महिन्यांपूर्वी एका रात्री खूप दमलो होतो, ताठरता आलीच नाही. तेव्हापासून दर वेळी तेच होतंय. बायको समजूतदार आहे, “राहू दे” म्हणते. पहाटे मात्र बऱ्याचदा ताठरता असते. मग मी तिला लगेच उठवतो, पण तोवर सगळं ओसरतं. मला काही आजार आहे का?’

तुमच्या पत्रातला तो ‘लगेच’ मला खुपला. झोपेत शरीर आपसूक जे करतं, त्याला तुम्ही डोळे उघडताच परीक्षेला बसवता! पहाटे नीट ताठरता येते, म्हणजे रक्तपुरवठा आणि नसा बहुधा ठीक आहेत. तीही कमी होत गेली, किंवा मधुमेह असेल, रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.

लिंगातले स्नायू सैल पडले की तिथे रक्त भरतं. भीती वाटली की अ‍ॅड्रेनलिन त्याच स्नायूंना आवळतं. त्यामुळे ‘आहे ना? टिकेल ना?’ असं मनातल्या मनात तपासलं की हमखास ओसरतं, आणि पुढच्या वेळी खोलीत शिरण्याआधीच ही तपासणी सुरू होते.

म्हणून निदान महिनाभर संभोग बंद. दोघांनी बोलून ठरवा. पहाटे तिला उठवणंही बंद. आणि त्यांचं ‘राहू दे’सुद्धा बंद, कारण त्या शब्दांबरोबर तुमच्यातला सगळा स्पर्शच थांबतो.

लैंगिक वर्तनावर संशोधन करणाऱ्या विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकन जोडीने १९७०च्या सुमारास मांडलेली रीत आजही वापरतात. आठवड्यातून दोन-तीनदा एकाने नुसतं पडून राहायचं, दुसऱ्याने पंधरा मिनिटं स्पर्श करायचा, मग अदलाबदल. सुरुवातीला स्तन आणि जननेंद्रियं वगळायची. समोरच्याला सुख द्यायला हात फिरवू नका, स्वतःला काय जाणवतं ते बघा. कोपराची खरखर, मानेची ऊब, पाठीच्या कण्यावरचे उंचवटे. मन तपासणीकडे पळालं की त्याला तळहाताखालच्या त्वचेवर परत आणा. पडलेल्याने नको वाटलं तरच बोलायचं.

धाकधूक गेली की पुढची पायरी. आता जननेंद्रियांनाही स्पर्श, पण तिथेच रेंगाळायचं नाही. ताठरता आली की मुद्दाम हात काढा, ती पूर्ण ओसरू द्या, मग पुन्हा सुरू करा. गेलेली ताठरता परत येते, हे तुम्ही स्वतः दोन-चारदा पाहायला हवं. त्यानंतर, ताठरता असताना, हालचाल न करता नुसता प्रवेश. हालचाल सगळ्यात शेवटी.

बहुतेक जोडपी दुसऱ्या पायरीवर घसरतात. छान ताठरता येते आणि ‘आता आहे तर उरकून घेऊ’ असं वाटतं. ही तुमची पहाटेचीच घाई आहे. तेव्हा काहीही झालं तरी हात त्यांच्या पाठीवर परत न्या, आणि पंधरा मिनिटांतला उरलेला वेळ तिथेच राहू द्या.