आई जाऊन सात महिने झालेल्या स्पॅनिश मैत्रिणीला काय लिहावं?

प्रश्न: माझी माद्रिदची एक मैत्रीण आहे. तिची आई मार्चमध्ये गेली. तेव्हा मी ‘लो सिएन्तो मुचो’, म्हणजे फार वाईट वाटलं, एवढंच लिहिलं होतं. आता ऑक्टोबर आहे. तिची विचारपूस करावीशी वाटते, पण तिला उगाच रडवायचं नाहीये. तिच्या आईंना मी एकदा भेटले होते, त्यांनी मला तोर्तिया, म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट, करायला शिकवली होती. स्पॅनिशमध्ये काय लिहू?

उत्तर:

तोर्तियाचं लिहा. तुमच्या प्रश्नातलं शेवटून दुसरं वाक्य हाच तुमचा मेसेज आहे.

मी काही वर्षं स्पेनमध्ये राहिले आहे आणि नेमकी हीच वेळ माझ्यावर आली होती. एका सहकारी मैत्रिणीचे वडील गेले, त्यानंतर चार महिन्यांनी मी तिला लिहिलं: ‘या एस्तास मेखोर?’ मनात आपलं मराठी वाक्य होतं, ‘आता बरी आहेस ना?’ मराठीत त्यात माया आहे. स्पॅनिशमध्ये ते ताप उतरला का असं विचारल्यासारखं वाटतं, आणि त्यातला ‘या’, म्हणजे ‘एव्हाना’, एव्हाना बरं वाटायलाच हवं असंही सुचवून जातो. तिचं उत्तर आलं, ‘सी, ग्रासियास’. पुढे काहीच नाही. तिच्यासमोर मी दुसरं उत्तर ठेवलंच नव्हतं.

दुसरी अडचण ‘आठवण येते’ या शब्दांची. मराठीत आठवण येणं म्हणजे मनात येणंही आणि जीव कासावीस होणंही. स्पॅनिशमध्ये या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्याची उणीव भासते त्याला स्पेनमध्ये ‘एचार दे मेनोस’ म्हणतात. ते तिच्या आईबद्दल तिनं म्हणायचं. एकदा भेटलेल्या माणसानं म्हटलं तर जरा जास्तच होतं. तुम्हाला हवं ते क्रियापद ‘अकोर्दार्से दे’: कुणीतरी सहज मनात येणं. स्पेनमध्ये असा निरोप येतो तेव्हा बहुधा हेच शब्द असतात, आणि त्यांत कुणाकडून काही मागणं नसतं.

मी असं लिहीन (रिकाम्या जागी तिचं नाव):

```
Hola, ___. Hoy he hecho tortilla y me he
acordado de tu madre, de la tarde en que
me enseñó a darle la vuelta con el plato.
Quería mandarte un abrazo.
No hace falta que contestes.
```

अर्थ असा: आज तोर्तिया केली आणि तुझ्या आईची आठवण झाली, ताटली ठेवून ती उलटायला त्यांनी मला शिकवलं ती संध्याकाळ आठवली. तुला एक मिठी पाठवायची होती. उत्तर द्यायची गरज नाही.

मात्र तोर्तिया त्या दिवशी खरंच करा. ती ‘कशी झाली?’ असं विचारू शकते, आणि तिथूनच बोलणं सुरू होण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे. ताटलीचा तपशील मी माझ्या मनाने घातला आहे, कारण स्पेनमधल्या घरांत तोर्तिया तशीच उलटतात. तुम्हाला दुसरं काही आठवत असेल, कांदा घालायचा की नाही यावर त्या काय म्हणाल्या वगैरे, तर ते घाला. मैत्रिणीच्या आईबद्दलची एक अशी गोष्ट तुमच्याकडे आहे जी बहुधा तिच्या स्वतःच्या आठवणीत नाही. महिने उलटले की लोक गेलेल्या माणसाचं नाव काढणं सोडतात. तिला रडू येईल ही तुमची भीती खरी असली, तरी आई तिच्या मनातून गेलेली नाहीच, तुम्ही काही नव्याने आठवून देत नाही आहात.

काळांकडे लक्ष द्या. आज घडलेल्या गोष्टींना माद्रिदमध्ये ‘हे हेचो’, ‘मे हे अकोर्दादो’ (बोलताना ‘ए एचो’, ‘मे ए अकोर्दादो’, ह चा उच्चार होत नाही). आईंनी एकदाच शिकवलं, म्हणून तिथे ‘एन्सेन्यो’. त्या नेहमी काही करत असत्या, म्हणजे दर वेळी आग्रह करून वाढत असत्या, तर ‘पोनिया’सारखं रूप आलं असतं. आणि एक पाहा, या पूर्ण मेसेजमध्ये मरणाचं क्रियापद कुठेच नाही. भूतकाळच ते सांगतो.

‘मि मास सेन्तिदो पेसामे’ किंवा ‘ते अकोम्पान्यो एन एल सेन्तिमिएन्तो’ आता नको. ही अंत्यसंस्काराच्या वेळची, तानातोरिओत, म्हणजे अंत्यदर्शनासाठी पार्थिव ठेवतात तिथे, हात हातात घेऊन दुःखात सहभागी असल्याचं सांगायची वाक्यं आहेत. सात महिन्यांनी ती कार्यालयीन पत्रासारखी वाटतील. ‘आनिमो’ किंवा ‘खंबीर राहा’ छापाचंही काही नको. ‘काही लागलं तर सांग’ हे तर मी कुठल्याच भाषेत लिहीत नाही, कारण त्यात काय लागतंय ते शोधायचं काम तिच्यावरच येतं.

शेवटची ओळ मात्र काढू नका. ‘नो आसे फाल्ता के कोन्तेस्तेस’ लिहिल्यामुळे निळ्या खुणा दिसूनही गप्प राहायची मोकळीक तिला मिळते. एकदा ती दिल्यावर तुम्हीही ती पाळायची: दोन दिवसांनी ‘मेसेज मिळाला ना?’ विचारायचं नाही. नुसतं हृदयाचं चिन्ह आलं तर तेही पुरेसं उत्तर समजा. ‘मला रडवलंस, पण बरं वाटलं’ असं आलं तर माफी मागू नका, कारण मग तुम्हाला समजावणं तिच्यावर येतं. आणि ती भरभरून लिहू लागली तरच, रविवारी फोन करू की दुसऱ्या कुठल्या दिवशी, असं विचारा:

```
¿Te llamo el domingo o prefieres otro día?
```

कधी पाठवायचा? १ नोव्हेंबरला स्पेनमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, सर्व संतांचा दिवस. बरेच लोक घरच्यांच्या थडग्यांवर फुलं घेऊन जातात, शेवंती खूप असते. आई गेल्यानंतरचा हा तिचा पहिलाच १ नोव्हेंबर. त्याच दिवशी पाठवला तर चुकीचं नाही, पण तेव्हा ती घरच्यांत असेल. मी त्याआधीचा एखादा साधा मंगळवार-बुधवार निवडेन, माद्रिदमध्ये संध्याकाळचे सात वाजले असताना. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजतील. ऑक्टोबरअखेर त्यांची घड्याळं मागे जाईपर्यंत फरक साडेतीन तासांचा.

नंतर २४ डिसेंबरच्या रात्रीचं जेवण येतं. त्या टेबलावरची रिकामी खुर्ची तिला सगळ्यात जास्त जाणवेल असं मला वाटतं. त्याच्या एक-दोन दिवस आधी एवढंच:

```
Estos días pienso mucho en vosotros.
Un abrazo enorme.
```

म्हणजे, या दिवसांत तुम्ही खूप मनात असता, एक मोठी मिठी. ‘वोसोत्रोस’ म्हणजे तुम्ही सगळे. त्यात तिचे वडील, भावंडंही आली.

मैत्रीण मेक्सिकोची असती तर मी हा मेसेज बदलला असता. तिथे ‘तु माद्रे’ कानाला शिवीच्या जवळचं लागू शकतं, म्हणून ‘तु मामा’. ‘मे हे अकोर्दादो’ऐवजी ‘मे अकोर्दे’, आणि ‘वोसोत्रोस’ऐवजी ‘उस्तेदेस’. तुमच्या मैत्रिणीसाठी मात्र ‘तु माद्रे’च बरोबर आहे. फक्त त्या ‘tu’वर आघातचिन्ह देऊ नका, फोन आपणहून ‘tú’ करू शकतो, आणि मग ‘तुझी’चं ‘तू’ होतं.