आरी वर्कची आवड, दुकान टाकू का?

"आरी वर्क खूप आवडतं, सगळे कौतुक करतात, शहापुरात छोटं दुकान टाकू का?"

अगं, नातेवाइकांच्या ऑर्डरी हिशेबात धरू नकोस, अनोळखी बाई पूर्ण पैसे देऊन दुसरा ब्लाऊज घेऊन परत आली की ती खरी खूण. आणि घड्याळ लावून बस. माझा पहिला ब्राइडल ब्लाऊज 1800 ला दिला, मणी-जरदोसीला 400 गेले, राहिले 1400, पण हात लागला 28 तास, म्हणजे तासाला 50, त्यात भाडं कुठनं काढणार? मग नुसता गळा आणि बाह्या, 9 तासांत, 1200 ला, खर्च 210, तासाला 110 पडले. पण तेच डिझाईन लग्नसराईत दहाव्यांदा करावं लागतं, तिथं जीव कंटाळत असेल तर दुकान नको, घरीच मनासारखे वर्षाला चार कर.