रात्रभर वॉर्मवर ठेवलेला भात

प्रश्न: रात्री ९ ला राइस कुकरमध्ये लावलेला भात सकाळी ७ ला डब्यात दिला तर चालेल का? रात्रभर वॉर्मवरच असतो. नागपूरला असतो, मधेच लाइट जाते.

उत्तर: रात्रभर लाइट गेली नसेल आणि भात मधोमध ६० अंशांच्या वर राहिला असेल तर चालेल, मधे लाइट किती वेळ गेली ते कळत नसेल तर तो भात देऊ नका. तांदळातल्या बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट झाला की ते रुजतात आणि उलटी करवणारं विष तयार करतात. हे विष परत गरम करून, अगदी फोडणी देऊनही जात नाही. वासावरूनही ते ओळखू येत नाही, म्हणून हुंगून ठरवू नका. सगळ्या कुकरचं वॉर्म सारखं नसतं, तेव्हा एकदा स्वयंपाकाचा थर्मामीटर भाताच्या मध्यात खुपसून बघाच, कडेला नको, कारण तिथे जास्त गरम असतं. बहुतेक कंपन्या साध्या पांढऱ्या भातासाठी बारा तासांच्या आसपासची मर्यादा देतात. खिचडी किंवा मसालेभात मात्र रात्रभर ठेवू नका. मे महिन्यात तर लाइट गेल्यापासून तासाभरात भात संपवा, नाहीतर पसरट ताटात निववून फ्रिजमध्ये टाका. रोजच लाइट जात असेल तर कुकरला टायमर आहे का बघा, पण भिजलेले तांदूळही उन्हाळ्यात रात्रभर बाहेर ठेवू नयेत. त्यापेक्षा पहाटे लावलेलाच बरा.