दुकानात ‘पाजी’ म्हणताना

नांदेडच्या गुरुद्वारा परिसरातील दुकानदारांशी मराठीत बोलताना ‘पाजी’ म्हणावे का, असे आपण विचारले आहे; अवश्य म्हणावे. मूळ पंजाबी शब्द ‘भाजी’, म्हणजे आदरार्थी ‘भाऊ’, असा आहे. मात्र पंजाबीत शब्दारंभीचा ‘भ’ खालच्या सुरात ‘प’सारखा उच्चारला जातो, म्हणून आपल्या कानांना ‘पाजी’ ऐकू येते. आपणही तसेच म्हणावे, कारण मराठीत ‘भाजी’ म्हटले की मेथीच डोळ्यांपुढे येते.

नवशिक्यांची खरी चूक क्रियापदात होते. ‘पाजी, कडं दाखव ना’ या वाक्यात संबोधनाने दिलेला मान क्रियापद काढून घेते. ‘पाजी, ते कडं जरा दाखवता का?’ असे विचारावे. अनुपस्थित व्यक्तीविषयीही ‘पाजीला’ न म्हणता ‘गांधीजींना’प्रमाणे ‘पाजींना विचारतो’ म्हणावे.

- ‘पाजी’त ‘जी’ आलेलाच आहे. ‘पाजीजी’ म्हणू नये.
- नाव ठाऊक असल्यास ‘जी’ नावाला जोडून लिहावा: गुरमीतजी.
- दुकानात बाई असतील, तर ‘ताई’ किंवा ‘बहनजी’ म्हणावे.

त्यांनी ‘हांजी’ म्हटले की आपण सरळ मराठीत पुढे बोलावे. पगडी दिसली म्हणून हिंदीकडे वळू नये, कारण तेथील अनेक शीख कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आली आहेत.