ग्लोबल फेज आणि सापेक्ष फेज

प्रश्न: क्यूबिटच्या पूर्ण अवस्थेला −1 ने गुणले तरी काही बदलत नाही, मग फक्त |1⟩ चे चिन्ह बदलल्यावर निकाल का बदलतात?

उत्तर: एखाद्या निकालाची संभाव्यता म्हणजे त्याच्या अँप्लिट्यूडच्या परिमाणाचा वर्ग. पूर्ण अवस्थेला e^(iθ) ने, म्हणजे ग्लोबल फेजने, गुणले, तर कोणत्याही बेसिसमध्ये प्रत्येक निकालाच्या अँप्लिट्यूडला तोच गुणक लागतो आणि त्याचे परिमाण 1 असल्यामुळे संभाव्यता तशीच राहते.

(|0⟩ + |1⟩)/√2 आणि (|0⟩ − |1⟩)/√2 या अवस्था थेट मोजल्या, तर दोन्हींत 0 आणि 1 निम्म्या-निम्म्या वेळा येतात. |0⟩ आणि |1⟩ यांमधील सापेक्ष फेजही निरर्थक असावी असा गैरसमज बहुधा येथेच होतो. मोजणीपूर्वी हॅडामार्ड गेट लावले, की |1⟩ या निकालाकडे दोन वाटांनी अँप्लिट्यूड येतात आणि त्यांची आधी बेरीज होते, वर्ग नंतर. पहिल्या अवस्थेत ½ − ½ = 0, म्हणून नेहमी 0 मिळतो; दुसऱ्या अवस्थेत ½ + ½ = 1, म्हणून नेहमी 1 मिळतो. सर्वसाधारण सापेक्ष फेज φ असेल, तर 0 मिळण्याची संभाव्यता cos²(φ/2) असते.

याचा मला सर्वात सुंदर वाटणारा पुरावा 1975 च्या न्यूट्रॉन इंटरफेरोमीटर प्रयोगांचा आहे. स्पिन 360 अंशांनी फिरला की अवस्थेला −1 लागतो, जो एरवी दिसत नाही. पण दोन वाटांपैकी एकीवरच चुंबकीय क्षेत्र ठेवल्यामुळे तोच −1 सापेक्ष झाला, आणि व्यतिकरणाचा आकृतिबंध 720 अंशांनंतरच पूर्ववत झाला.