अमेरिकेतला वी मुंबईत: पिन, व्होल्टेज आणि टीव्ही

प्रश्न: मामेभाऊ न्यू जर्सीहून त्याचा जुना गेम कन्सोल, निन्टेन्डो वी, आणतोय. नुसती पिन बदलून मुंबईत चालेल ना? घरच्या टीव्हीवर दिसेल का?

तसा लावू नका. दोन चपट्या पट्ट्यांची पिन आपल्या सॉकेटात बसवणारा अडॅप्टर फक्त आकार बदलतो, व्होल्टेज नाही. कन्सोलसोबतच्या पॉवरच्या ठोकळ्यावरचं लेबल वाचा. अमेरिकेतल्या वीच्या ठोकळ्यावर INPUT पुढे 120V लिहिलेलं असतं, आपल्याकडे 230. अशा ठोकळ्यात आधी एसीचं डीसी होतं आणि आतल्या कपॅसिटरवर त्याचं शिखर बसतं: 120 व्होल्टला सुमारे 170, 230 ला सुमारे 325. कपॅसिटर मात्र सहसा 200 व्होल्टचाच. मग फटकन आवाज, जळका वास, ठोकळा मेला. कन्सोल बहुधा वाचतो, पण त्या भरवशावर राहू नये.

सोपा उपाय म्हणजे तो ठोकळाच बदला. कन्सोलला शेवटी 12 व्होल्ट डीसीच लागतं, ठोकळा 3.7 अँपिअरपर्यंत देतो. वीसाठीच बनवलेला आणि INPUT ला 100-240V लिहिलेला ठोकळा घेतला की विषय संपला. मूळचाच वापरायचा असेल, तर लॅमिंग्टन रोडवर 230 ते 110 चा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर मिळतो. 100 व्हीएचा पुरे. हातात घेऊन बघा, लोखंडाच्या गाभ्यामुळे तो चांगलाच जड लागतो. हेअर ड्रायरसाठीचे हलके प्रवासी कन्व्हर्टर घेऊ नका. ट्रान्सफॉर्मर 50 हर्ट्झचे 60 करत नाही, पण या ठोकळ्याला त्याने फरक पडत नाही. चित्राचे 60 हर्ट्झ कन्सोल स्वतःच्या क्रिस्टलवर ठरवतो, विजेशी त्याचा संबंध नाही.

आता टीव्ही. हा कन्सोल एनटीएससी सिग्नल देतो: 525 रेषा, 60 हर्ट्झ. आपलं दूरदर्शन पाल: 625 रेषा, 50 हर्ट्झ. पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरीने जोडल्यावर चित्र स्थिर पण काळं-पांढरं आलं, तर टीव्हीला 60 हर्ट्झ जमतंय, फक्त एनटीएससीचा रंग उलगडत नाही. मेनूत Color System असेल तर AUTO किंवा NTSC 3.58 करून पाहा. चित्र वरखाली सरकतच राहिलं, तर तो डबा टीव्ही 60 हर्ट्झ पकडतच नाही. तिथे सेटिंग शोधण्यात संध्याकाळ घालवू नका. फ्लॅट टीव्हीवर सहसा दोन्ही अडचणी येत नाहीत.

भावाला वीची कम्पोनंट केबल आणायला सांगा, हिरव्या-निळ्या-लाल टोकांची. तिच्यातून रंग वेगळ्या तारांनी जातात, म्हणून पाल-एनटीएससीचा रंगाचा घोळच उरत नाही आणि 480p मिळाल्याने चित्रही नितळ दिसतं. टीव्हीला ती तीन भोकं आहेत का, हे मात्र आधी पाहा. गेमच्या डिस्कही तिथूनच मागवा. पालवाल्या डिस्क हा कन्सोल वाचणार नाही.